तीन टॅब केले म्हणून दुकानाचा प्रश्न सुटला का?

काल गावच्या ग्रुपवर आलेली पोस्ट, जशी होती तशी:

"एकाच नंबरावर ऑफिस, घर आणि दुकान चालवणाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तीन लिस्ट कराव्या. चॅट्सच्या वरच्या पट्टीतलं अधिकचं चिन्ह दाबायचं, नाव द्यायचं, माणसं निवडायची. दहा मिनिटांचं काम. चवथीच्या गर्दीतसुद्धा एक ऑर्डर चुकणार नाही."

म्हापसा_बाजारपेठ: शेवटचं वाक्य चुकीचं आहे आणि ते वाचून कोणाचं तरी नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो. लिस्ट केली की चॅट्सच्या वर तिच्या नावाचा टॅब येतो, पण त्यात तुम्ही स्वतः घातलेली चॅटच दिसते. नेवऱ्यांची ऑर्डर देणारं नवीन गिऱ्हाईक कुठल्याच लिस्टमध्ये नसतं. समजा, सकाळी अकरा वाजता अनोळखी नंबरावरून "पाच किलो काजू, शुक्रवारी हवेत" असा मेसेज आला. तुम्ही दिवसभर "दुकान" टॅबवर बसलात तर तो तिथे येणारच नाही. तो All मध्ये पडून राहील आणि वर घरच्या ग्रुपचे शंभर मेसेज चढतील. जुनी गिऱ्हाईकं व्यवस्थित सांभाळली जातात आणि नेमकं नवीन सुटतं.

हे ओळखायचं कसं? "दुकान" टॅबवर न वाचलेलं काही नाही, पण Unread दाबल्यावर ओळखीचं नाव नसलेले नंबर दिसतात, तर तीच सुटलेली गिऱ्हाईकं. म्हणून दिवसाची सुरुवात टॅबवरून करू नये. आधी Unread उघडायचं, नवीन नंबर आला की तिथल्या तिथे "दुकान"मध्ये घालायचा, मगच टॅबवर जायचं. दुपारी आणि दुकान बंद करताना पुन्हा तेच. चवथीच्या आठवड्यात तासाला एकदा.

फोंड्याचो_बाबलो: बाब, यात लिस्टचा काय दोष? टेलिग्रामचे फोल्डर वापरा. तिथे फोल्डर बनवताना Non-Contacts हा प्रकार निवडता येतो. अनोळखी नंबर आपोआप "दुकान"मध्ये येतो, हाताने काही घालावं लागत नाही. 2020 पासून आहे हे. व्हॉट्सअ‍ॅपला लिस्ट आणायला 2024 उजाडलं.

म्हापसा_बाजारपेठ: अर्धं बरोबर. Non-Contacts नवीन माणसाला आत आणतं, हे खरं. पण तुम्ही त्याचा नंबर "काजू, पर्वरी" म्हणून सेव्ह केलात की तो तुमचा कॉन्टॅक्ट होतो आणि त्याच क्षणी त्या फोल्डरमधून बाहेर जातो. म्हणजे पहिली ऑर्डर दिसते, दुसरी दिसत नाही. उपाय असा, की नंबर सेव्ह केल्या केल्या ती चॅट फोल्डरमध्ये नावानिशी घालायची. आणि वगळण्याच्या यादीत Read निवडलं असेल तर मेसेज वाचल्याबरोबर चॅट फोल्डरमधून नाहीशी होते. "वाचलं, नंतर उत्तर देतो" असं करणाऱ्याने Read तिथे ठेवूच नये.

सांखळीची_सून: टेलिग्राम कोण वापरतं दुकानासाठी? आमच्या बाजारात गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरच येतं. आणि तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. माझा त्रास वेगळा आहे. चुलत दीर गिऱ्हाईकही आहेत. त्यांची चॅट "घर"मध्ये ठेवू की "दुकान"मध्ये? शिवाय ते ऑर्डर व्हॉइस मेसेजने देतात. शोधात "मोदक" टाकलं तर ती सापडत नाही.

म्हापसा_बाजारपेठ: बाय, एक चॅट दोन्ही लिस्टमध्ये ठेवता येते, पण तुमचा प्रश्न त्याने सुटत नाही. तुम्हाला हवं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमधलं लेबल. ते अख्ख्या चॅटवर लावता येतं तसं एकट्या मेसेजवरही लागतं. दिरांचा तो व्हॉइस मेसेज दाबून धरा आणि त्यावर New order लावा. पैसे यायचे असतील तर Pending payment. मग ते लेबल उघडलं की नेमका तोच मेसेज पुढे येतो, बाकीच्या घरगुती गप्पा येत नाहीत. आवाजातली ऑर्डर सापडण्याचा हाच सोपा मार्ग आहे. लेबल समोरच्याला दिसत नाही, तेव्हा दीर रागावण्याचं कारण नाही.

मात्र माल गेला की लेबल बदलायला विसरू नका. जुनी New order तशीच राहिली तर दुसऱ्याच आठवड्यात त्या यादीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

डिचोली_हार्डवेअर: एवढा खटाटोप कशाला? दुकानाला वेगळं सिम घ्या. टॅब म्हणजे एकाच खोलीत पडदे लावण्यासारखं. आवाज इकडचा तिकडे येतोच. लिस्ट केली तरी घरच्या ग्रुपचा टुणटुण बंद होत नाही, फोटो सगळ्यांना तोच दिसतो, सेटिंगमध्ये कोणाला वगळलं नसेल तर स्टेटसही घर-दुकान सगळ्या कॉन्टॅक्टना जातो. ऑफिसात साहेबासमोर घरचा मेसेज स्क्रीनवर येणार तो येणारच.

फोंड्याचो_बाबलो: वेगळं सिम सांगणं सोपं. पाटीवर, पिशव्यांवर, बिलावर जुना नंबर छापलाय. तो बदलायचा? जुन्या गिऱ्हाइकांना कळवणार कोण? उगाच सल्ले देऊ नका.

डिचोली_हार्डवेअर: नंबर बदला असं मी कुठे म्हटलं? नीट वाचत चला! छापलेला नंबर दुकानाचा राहील, घरच्यांना नवीन द्यायचा. जुन्या नंबरावर बिझनेस अ‍ॅप लावायचं, नवीन सिमवर साधं व्हॉट्सअ‍ॅप. दोन्ही एका फोनवर चालतात.

म्हापसा_बाजारपेठ: पाटीवरचा नंबर दुकानाकडे ठेवायचा, हे मलाही मान्य करावं लागतं. पण किंमत सांगा ना. घरच्या जुन्या गप्पा, फोटो त्या नंबराबरोबर बिझनेस अ‍ॅपमध्येच राहतात. नवीन नंबर कोऱ्या पाटीसारखा असतो. प्रत्येक ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगून पुन्हा आत यावं लागतं, आणि जुना नंबर त्या ग्रुपांतून बाहेर काढला नाही तर टुणटुण दोन्हीकडे. शिवाय नवीन सिम रिचार्जविना पडून राहिलं तर कंपनी तो नंबर दुसऱ्याला देते. त्याने त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं की तुमचं खातं गेलं. सेटिंगमधल्या टू-स्टेपचा पिन लावून ठेवा, पण सिम चालू ठेवणं हाच खरा उपाय.

सांखळीची_सून: आणि दुकानात नवरा, घरी मी असं असेल तर? एकच नंबर दोघांनी बघायचा.

डिचोली_हार्डवेअर: मुख्य फोन दुकानात, तुमचा जोडलेलं उपकरण म्हणून. चार जोडता येतात. फक्त मुख्य फोन चौदा दिवस वापरलाच नाही तर बाकीचे आपोआप बाहेर पडतात. चवथीला फोन कपाटात ठेवून सगळे गावी गेलात तरी तेवढ्यात काही होत नाही.

सांखळीची_सून: मग मी उत्तर दिलं आणि नवऱ्यानेही दिलं, तर गिऱ्हाइकाला दोन भाव जायचे.

म्हापसा_बाजारपेठ: ते कुठल्याच टॅबने थांबत नाही. आधी लेबल बघायचं, मग लिहायचं, एवढं दोघांनी ठरवा. ज्याने मेसेज घेतला त्याने उत्तराआधी New order लावायचं. लेबल नाही तो मेसेज कोणी घेतला नाही.

फोंड्याचो_बाबलो: आणि लेबल लावेपर्यंत दुसऱ्याने भाव लिहून पाठवला तर?

म्हापसा_बाजारपेठ: तर भाव एकानेच सांगायचा. दुसऱ्याने फक्त "मिळालं, कळवतो". पण हे तुमच्या दुकानात कोण पाळेल ते तुम्हीच बघा.