टॅरोतली नाण्यांची नव्वी: शब्द कोणता वापरावा?

रेखा, परभणी: मी टॅरो शिकायलेय, ओळखीच्या बायकांना पत्ते काढून देते. परवा एक ताई आल्या, वर्षभरापूर्वी घटस्फोट झालाय, घरीच ब्लाउज शिवतात. प्रश्न सरळ होता, मी पैशाच्या बाबतीत आपल्या पायावर उभी राहीन का. नाइन ऑफ पेंटॅकल्स आला, सुलटा. मी म्हणले ‘ऐश्वर्य’, तर त्या म्हणल्या ताई ऐश्वर्य राहू द्या, महिन्याचं भाडं निघंल का ते सांगा. या पत्त्याला मराठीत कोणता शब्द लावता तुम्ही लोक?

बालाजी, नांदेड: ‘आत्मनिर्भर’ लिहा की, सरकारी पण आहे 😀 चित्रात बाई एकटी आहे, बाग आहे, हातावर ससाणा आहे. ससाणा म्हणजे स्वातंत्र्य, आता उडणार.

वसुधाताई, संभाजीनगर: बालाजी, अर्धं बरोबर. पण ससाण्याच्या डोळ्यावर टोपी आहे नीट बघ, तो उडायला नाही निघालेला, शिकवलेला आहे, बाई सोडील तेव्हाच जाणार. हात सैल सोडायचा नाही असा अर्थ आहे तो. आणि खाली कोपऱ्यात गोगलगाय आहे ती कुणीच बघत नाही. पामेला कोलमन स्मिथनं १९०९ मध्ये हे चित्र काढलं, ज्यानं तिच्याकडून हे पत्ते काढून घेतले त्या वेटनं आपल्या पुस्तकात अर्थ दिला त्यात सावधपणा, सुरक्षितता, यश, पारख असे शब्द आहेत, लॉटरी कुठंच नाही. मी ‘स्वकष्टार्जित’ म्हणते. जमिनीच्या वाटणीत आपण वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित म्हणतो ना, तेच. पुढची दश्शी बघा, म्हातारा, कुत्री, पोरगं, सगळं खानदान, ती वडिलोपार्जित. मागची अठ्ठी, कारागीर बसून एकेक नाणं ठोकतोय. मधी नव्वी. रेखा, तुझ्या ताईंची शिलाई म्हणजे ती अठ्ठी, त्यांना सांग काम चालू ठेवा, नव्वी त्याच्यातूनच येते.

शोभा: माझी पण केस चालू आहे, वकील म्हणतेत एकरकमी घ्या. नव्वी आली म्हणजे एकरकमी पोटगी मिळंल का? किती मिळंल?

वसुधाताई, संभाजीनगर: शोभा, रक्कम पत्त्यातून निघत नाही, ते वकिलाकडूनच. पण पोटगीचा पत्ता माझ्या मते छक्की आहे. हातात तराजू घेतलेला माणूस नाणी टाकतोय आणि दोघं गुडघ्यावर बसून हात पसरून आहेत. पोटगी तुझा हक्क आहे, भीक नाही, पण तराजू दुसऱ्याच्या हातात आहे एवढं खरं. म्हणून छक्की आणि नव्वी एकत्र आल्या तर मी म्हणते, मिळालेल्या पैशातून भाडं भर पण त्यातला काही भाग मशीनला, कामाला लाव. सगळी रक्कम घरखर्चात गेली तर बाग लागतच नाही.

गणेश, जालना: मला पत्त्यातलं काही कळत नाही पण चित्र बघितलं, ती बाग द्राक्षाची आहे. आमच्याकडं कडवंचीला सगळी द्राक्षंच. एप्रिलची खरड छाटणी करताना घड येत नाहीत, काडी तयार होते, त्या काडीवर ऑक्टोबरला गोडी छाटणी, मग पुढं माल. बघणाऱ्याला एप्रिलमध्ये वाटतं बाग गेली. त्या ताईंना म्हणा आत्ता खरड छाटणी चालूय.

रेखा, परभणी: गणेशभाऊ हे मी वापरणारच! पण एक शंका, उलटा आला तर? वेटचे शब्द लई कडक आहेत, फसवणूक, मोडलेला बेत, विश्वासघात.

वसुधाताई, संभाजीनगर: उलटा आला की मी घाबरवत नाही, कागद विचारते. सोन्याची पावती कुठाय, जॉइंट खातं बंद झालं का, नॉमिनी अजून तोच आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवऱ्याच्या गृहकर्जात सहकर्जदार म्हणून सही आहे का. कोर्टात ‘हप्ते तो भरील’ लिहून घेतलं तरी बँकेनं नाव काढलं नसलं तर बँक हिच्याकडंच येते, सिबिल हिचा पण जातो. बऱ्याच बायकांना हे हप्ता थकल्यावर कळतं.

बालाजी, नांदेड: पण ताई ‘स्वकष्टार्जित’ला आक्षेप आहे. चित्रातली बाई काम करताना कुठं दिसते, भारी झगा घालून उभी आहे, बाग बापाची पण असू शकते.

वसुधाताई, संभाजीनगर: असू शकते, काही वाचक तसंच धरतात, मालकिणीचा पत्ता म्हणतात. कष्ट अठ्ठीत होऊन गेले असं मी धरते, तू नको धरू.

शोभा: आणि ‘एकटी’ म्हणू नका बाई, ते ऐकलं की रडू येतं.

रेखा, परभणी: खरंय. मग ‘एकल’? का ‘एकहाती’? मला एकहाती बरा वाटायलाय, त्या ताईंना पण चालंल. उद्या त्या येणारेत, गृहकर्जाचे कागद घेऊनच या म्हणून आत्ताच मेसेज टाकते.