मदत हवी आहे: भाड्याच्या फवारणी पंपाच्या अनामतीतून किती कापावं?

देवगडला आंब्याच्या फवारणीसाठी एचटीपी पंप भाड्याने देतो. दर दिवसाला ६०० रुपये, अनामत ५०००, उशीर झाला तर त्या दिवसांना दीडपट. एका बागायतदारांनी तीन दिवसांसाठी नेला, परत आणला पाचव्या दिवशी संध्याकाळी.

माझा हिशोब असा: तीन दिवसांचे १८००, उशिराच्या दोन दिवसांचे १८००, पिस्टनच्या सीलांचे ७०० आणि होज कापला गेला त्याच्या जोडाचे १५०. एकूण ४४५०, म्हणजे परत ५५०.

त्यांचं म्हणणं, एक दिवस पाऊस पडला, फवारणी झालीच नाही, तो दिवस धरू नका. आणि सील झिजतातच. पावसाचं मला पटत नाही, पंप तर त्यांच्याच पडवीत होता ना! तरी गावातलं गिऱ्हाईक, त्या दिवसाचा दीडपट सोडून साधा दर घ्यायला मी तयार आहे. तसं केलं तर ८५० परत जातील.

सीलांचं मात्र अडलंय. झिजलेलं सील कडेने गुळगुळीत होतं आणि हळूहळू ठिबकतं. हे काळं पडून कडक झालंय, म्हणजे टाकीतलं पाणी संपल्यावरही इंजिन चालूच राहिलं. पण सील याच हंगामात बसवलेले, थोडे वापरलेलेही. मग पूर्ण ७०० घ्यायचे की वापर वजा करून?

पावतीवर "मोडतोड झाल्यास भरपाई" एवढंच छापलंय. झीज आणि मोडतोड वेगळी दाखवणारा मजकूर कुणी वापरत असेल तर कृपया इथे टाका.