मदत हवी आहे: भरतीच्या पानावर पगार किती उघड करावा?

वाळूजची_लेक
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत वडिलांचं मशीन शॉप आहे. माणसं ३८, त्यातली १४ सीएनसी आणि व्हीएमसीवर. हजेरी, पगार आणि भरती माझ्याकडे.

दिवाळीनंतर पाच ऑपरेटर घेतले, त्यातले तीन दीड महिन्यात गेले. एकजण पहिल्या रात्रपाळीनंतर परत आलाच नाही. दुसरा गेला पगाराच्या दिवशी. मुलाखतीत मी त्याला साडेबावीस हजार सांगितले होते, खात्यात १५,८६५ जमा झाले. मी खोटं बोलले नव्हते, सीटीसी सांगितला होता. पण त्याच्या आईचा फोन आला तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही.

आता वेबसाइटवरचं भरतीचं पान नव्याने लिहायला घेतलंय. सध्या तिथे "आकर्षक पगार, प्रगतीच्या भरपूर संधी" असं आहे आणि फोटो कुठल्यातरी काचेच्या ऑफिसचा. पगाराचा आकडा टाकावा का? टाकला तर कोणता? आणि ३८ माणसांच्या कारखान्यात 'प्रगती' म्हणून खरं काय लिहायचं? सुपरवायझरची जागा एकच आहे आणि त्यावरचे काका अजून दहा वर्षं तरी हलत नाहीत.

शेंद्रावाला
सीटीसीच टाका. सगळे तेच टाकतात, तुम्ही एकट्यानेच हातातला आकडा टाकला तर तुमचाच पगार कमी दिसणार. आणि 'इतके ते इतके' तर अजिबात नको. येणारा प्रत्येकजण वरच्याच आकड्यावर बोट ठेवतो, अनुभव आहे.

पगारपत्रक_जालना
शेंद्रावाले साहेब म्हणतात त्यातलं दुसरं खरं आहे, पहिलं नाही. सीटीसीचा आकडा ऑफिसातल्या माणसाला कळतो. ऑपरेटर महिन्याचा किराणा आणि खोलीभाडं हातातल्या पैशांवर जुळवतो.

ताई, तुमचा आकडा मी मांडून बघितला. एकूण पगार १८,००० आणि त्यात बेसिक व डीए १५,००० असणार. त्यातून पीएफ १,८००, ईएसआयसी १३५ आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की बरोबर १५,८६५ उरतात. आता वरची बाजू बघा. १८,००० मध्ये कंपनीचा पीएफ त्याच्या खर्चासकट १,९५० आणि कंपनीचा ईएसआयसी ५८५ घातला की २०,५३५ होतात. बोनसचे महिन्याला १,२५० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२० धरले की साडेबावीस हजार. म्हणजे साडेसहा हजारांची दरी. त्यातला बोनस वर्षातून एकदा मिळतो आणि ग्रॅच्युइटीसाठी बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. चार आठवड्यांत सोडून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून पानावर हातात येणारी रक्कम मोठ्या अक्षरात लिहा. खाली साध्या वाक्यात: पीएफमध्ये तुमचे इतके, आमचे इतके, दिवाळीला बोनस साधारण इतका, ओव्हरटाइम दुप्पट दराने. सीटीसी हा शब्दच नको.

आणि प्रत्येकजण वरचा आकडा मागतो तो आपल्यामुळेच. वरचा आकडा कोणासाठी हे आपण लिहीतच नाही. खालचा कोणाला, वरचा कोणाला, हे कामाच्या भाषेत लिहा, मग घासाघीस बरीच कमी होते.

भोकरदनचा_मामा
माझा भाचा आयटीआय टर्नर आहे, मुलगा मेहनती आहे. अर्ज कुठे पाठवायचा? राहायची सोय आहे का?

वाळूजची_लेक
मामा, मेसेज करा. राहायची सोय नाही, तेही पानावर लिहीन म्हणते.

सेटर_गंगापूर
मी नऊ वर्षं मशीनवर आहे, दुसऱ्या कंपनीत. तुमचा पहिला गेला तो पगारामुळे नाही, तो रात्रीमुळे. रात्रपाळी किती आठवड्यांनी येते, हे कोणीच आधी सांगत नाही. जॉब हाताने चढवायचा का, किलो किती, शेडमध्ये कूलर आहे का, हेही नाही. मे महिन्यात पत्र्याखाली आठ तास उभं राहणं काय असतं ते लिहून टाका. ज्याला नको तो येणारच नाही, तुमचाही महिना वाचेल.

दुसरं, सुट्टी. आमच्यातले निम्मे शेतकऱ्याची पोरं. पेरणीला आणि सोयाबीन काढायला चार दिवस घरी जावंच लागतं. तुम्ही देता की कापता, एवढं स्पष्ट लिहा.

प्रगतीचं म्हणाल तर आम्हाला हुद्दा नको असतो. बटण दाबणारा, मग इन्सर्ट बदलून ऑफसेट देणारा, मग नव्या जॉबची सेटिंग करून पहिला पीस स्वतः पास करून घेणारा. या प्रत्येक पायरीला किती रुपये, हे सांगा. आमच्याकडे हे कुठेच लिहिलेलं नाही. मी सेटिंग करायला लागलो त्यानंतर चौदा महिन्यांनी पगार वाढला, तोही दुसरीकडची ऑफर दाखवल्यावर.

वाळूजची_लेक
दादा, हे सोनं आहे. तुमच्या पायऱ्यांवर एकूण पगार मांडला: १६,५०० पासून २०,५०० पर्यंत, म्हणजे हातात साधारण १४,४०० ते १८,३००.

पण मांडल्यावर भलतंच दिसलं. आमचे चार जुने ऑपरेटर, सहा-सहा वर्षांचे, सेटिंग स्वतः करतात आणि १७,२०० वर आहेत. या पानाप्रमाणे दोन वर्षांचा अनुभव असलेला नवा मुलगा १८,००० वर येईल. त्यांना १९,५०० वर आणायचं तर महिन्याला ९,२०० आणि वर कंपनीचा ईएसआयसी, म्हणजे साडेनऊ हजार. बाबा म्हणाले, "पान लिहायला बसलीस आणि मला साडेनऊ हजारांना पडलीस."

पगारपत्रक_जालना
हे पानामुळे झालं नाही, पानाने फक्त दाखवलं. आधी ते चार, मग पान. उलटं केलंत तर पहिला फोन त्या चौघांपैकीच कोणाचा तरी येईल.

अजून एक खाच. ईएसआयसीची मर्यादा २१,००० आहे. पुढच्या वाढीत सेटर २१,५०० वर गेला की चालू सहामाही संपल्यावर त्याची वर्गणी थांबते आणि काही महिन्यांनी घरच्यांचा दवाखानाही सुटतो. घरात म्हातारी माणसं असली तर एक हजाराची वाढ त्याला तोट्याची पडते. त्या पायरीला ग्रुप मेडिक्लेम देणार असाल तर लिहा. देणार नसाल तर वाढीच्या आधी त्याला समोर बसवून सांगा.

शेंद्रावाला
एवढं सगळं लिहिलं तर शेजारचा कारखाना तुमचा आकडा वाचून पाचशे जास्त देईल आणि माणसं घेऊन जाईल. त्याचं काय?

सेटर_गंगापूर
साहेब, शेजारच्याला आकडा आत्ताही माहीत आहे. चहाच्या टपरीवर सगळ्यांचे पगार सगळ्यांना पाठ असतात.

शेंद्रावाला
टपरीवरचं वेगळं आणि कंपनीने स्वतः लिहून देणं वेगळं. मला पटत नाही.

वाळूजची_लेक
बाबांचंही हेच म्हणणं आहे. चौघांपैकी दोघांची वाढ या महिन्यात आणि दोघांची दिवाळीत, इतकंच कबूल केलंय. तोपर्यंत पान थांबवायचं की आकड्यांशिवाय चालू करायचं, हे अजून ठरलं नाही. कामाच्या दिवसाचा कच्चा मजकूर टाकते, बघा:

"तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलतात, म्हणजे तीन आठवड्यांतून एक आठवडा रात्रपाळी. उभं राहून काम. जॉब ४ ते ११ किलो, हाताने चढवायचा. उन्हाळ्यात शेड तापतं. पंखे आहेत, कूलर दोनच. पेरणी-काढणीला चार दिवस सुट्टी मिळते, पण आठ दिवस आधी सांगावं लागतं, आणि एका पाळीतून एका वेळी दोघांनाच. राहायची सोय नाही."

सेटर_गंगापूर
चांगलं आहे. रात्रपाळीच्या बसचं लिहिलं नाही.

वाळूजची_लेक
बस नाहीये. सगळे मोटारसायकलवर येतात.

सेटर_गंगापूर
मग तेच लिहा.