शब्दचर्चा: ‘शून्य’, ‘शून्यकरणीय’ आणि ‘रद्दबातल’ विवाह

मीरा_अनुवाद
हिंदू विवाह कायद्यावरचा एक अर्ज मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात एके ठिकाणी व्हॉइड आहे, दुसरीकडे व्हॉइडेबल. माझ्याकडच्या जुन्या अनुवादांत पहिल्यासाठी कुठे ‘शून्य’, कुठे ‘रद्दबातल’ आणि कुठे ‘अवैध’ सापडतं. दुसऱ्यासाठी ‘शून्यकरणीय’, ‘शून्यनीय’ आणि एकदा तर पुन्हा ‘रद्दबातल’च! वर्तमानपत्रात तर सरसकट ‘लग्न रद्द’. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? नसतील तर कोणता कुठे वापरायचा?

विनायक
सोपं आहे. कोर्टाने रद्द केलेलं लग्न शून्य, आणि ज्याचा दावा अजून चालू आहे ते शून्यकरणीय. म्हणजे आधी शून्यकरणीय असतं, निकाल लागला की शून्य होतं. लग्न ठरवताना पगार, वय, शिक्षण यांपैकी काहीही खोटं सांगितलं असेल तर मग ते शून्यच.

धातुपाठ
अर्थ जाणकार सांगतील, मी शब्दाच्या घडणीपुरतं बोलतो. ‘अनीय’ हा प्रत्यय धातूला लागतो. ‘कृ’पासून ‘करणीय’ झालं, म्हणून ‘शून्यकरणीय’ म्हणजे शून्य करण्याजोगं, हे नीट बसतं. ‘शून्य’ हा धातू नाही, म्हणून ‘शून्यनीय’ कानाला खडबडीत लागतं. अडचण वेगळीच आहे. मराठीत ‘पूजनीय’ म्हटलं की पूजा करावी असा, ‘दर्शनीय’ म्हटलं की बघायलाच हवं असा रंग येतो. त्यामुळे ‘शून्यकरणीय’ वाचून ते लग्न शून्य केलंच पाहिजे असं वाटू शकतं. ‘रद्दबातल’मध्ये दोन अरबी शब्द शेजारी बसलेत: रद्द, म्हणजे परत फिरवलेलं, आणि बातल, म्हणजे मुळात खोटं, पोकळ.

सुलभा_कौटुंबिक
धातुपाठांच्या त्या शेवटच्या वाक्यातच मीराताईंचं उत्तर आहे. शून्य विवाह हा बातल: कायद्याच्या नजरेत तो झालाच नाही, कोर्ट फक्त तसं जाहीर करतं. शून्यकरणीय विवाह हा रद्द होऊ शकणारा: तो झालेला आहे, पूर्ण खरा आहे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने मागितलं तरच कोर्ट तो मोडून काढतं. त्याने मागितलंच नाही तर जन्मभर वैध राहतो. म्हणून विनायकराव, ‘आधी शून्यकरणीय, मग शून्य’ ही एकाच रस्त्यावरची दोन स्थानकं नाहीत. लग्न लागलं त्या दिवशीच ते कोणत्या प्रकारचं आहे हे ठरलेलं असतं.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात शून्य विवाहाची कारणं कलम 11 मध्ये आहेत आणि ती तीनच: पहिला जोडीदार जिवंत असून ते लग्न कायम असणं, निषिद्ध नातं, आणि सपिंड नातं, म्हणजे ठरावीक पिढ्यांच्या आत एकच पूर्वज असणं. शून्यकरणीयाची कलम 12 मध्ये चार: नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणं, लग्नावेळी संमती देता येणार नाही किंवा संसाराला अयोग्य ठरेल इतका मानसिक आजार, जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली संमती, आणि लग्नाच्या वेळी बायकोला दुसऱ्या कुणापासून दिवस गेलेले असणं.

इथेही शब्द जपून वापरा. नपुंसकत्व म्हणजे वंध्यत्व नव्हे. मूल होत नाही, पण संबंध होतात, अशा लग्नाला हे कारण लागत नाही. अर्जात ‘मूल होऊ शकत नाही’ असं लिहिलं आणि कलम 12 टाकलं, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतो.

विनायक
बरं, माझं चुकलं. पण खोटं बोलून केलेलं लग्न शून्यात नाही, हे पटत नाही. फसवणूक ही फसवणूकच.

सुलभा_कौटुंबिक
एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2023 मध्ये लग्न झालं. मुलाकडच्यांनी ‘पहिलंच लग्न’ म्हणून सांगितलं होतं. 20 जून 2023 ला मुलीच्या हातात कागद आला: मुलाचं आधी एक लग्न झालं होतं. आता सगळं एका प्रश्नावर येतं: पहिल्या लग्नाचा घटस्फोट दुसऱ्या लग्नाच्या आधी झाला होता का?

झाला नसेल तर हे लग्न शून्य. मुदत नाही. दहा वर्षांनी, किंवा नवरा गेल्यावर वारसाहक्काच्या दाव्यातसुद्धा तो मुद्दा निघू शकतो, आणि कोर्टाचा हुकूम आधी घेतलेला नसला तरी चालतो.

घटस्फोट झाला होता पण लपवला, तर लग्न शून्यकरणीय. मग फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे जून 2024 पर्यंत. मुलीने जुलै 2024 मध्ये अर्ज केला तर हे कारण हातचं गेलं. ही मुदत कलमातच अट म्हणून लिहिली आहे, त्यामुळे उशीर माफ करून घेण्याची नेहमीची वाट इथे सहसा चालत नाही. दुसरी अट अधिक घातक आहे. कळल्यानंतर ती राजीखुशीने नवऱ्याबरोबर नांदली असेल, तरीही अर्ज फेटाळला जातो. ‘मोठ्यांनी समजूत घातली, दोन महिने राहून बघितलं’ हे वाक्य बहुतेक अशा अर्जांत सापडतं, आणि उलटतपासणीत तेच पुढे येतं.

म्हणून अर्जात फसवणूक कधी कळली ती तारीख, कशावरून कळली ते, आणि त्यानंतर कधीपासून वेगळी राहते ते, या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. आधीच्या घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत त्या कोर्टातून काढून जोडायची.

आणि प्रत्येक थाप चालत नाही. 1976 च्या दुरुस्तीनंतर कलमात ‘जोडीदाराशी संबंधित महत्त्वाची बाब’ असे शब्द आले. आधीचं लग्न ही तशी बाब नक्कीच. पगार पाच हजारांनी फुगवून सांगितला, तर ती बाब संमतीच्या मुळाशी होती हे अर्जदाराला दाखवावं लागतं.

सातारकर
पण एक वर्ष होईपर्यंत कोर्टात जाताच येत नाही ना? आमच्या चुलतभावाच्या वेळी वकिलांनी तसंच सांगितलं. आम्ही थांबलोय. अकरा महिने झालेत.

सुलभा_कौटुंबिक
दादा, ते घटस्फोटाचं. घटस्फोटाचा अर्ज लग्नाला एक वर्ष होण्याआधी सहसा करता येत नाही. लग्न रद्द करून घेण्याला ती अट नाही. तिथला वर्षाचा नियम नेमका उलटा धावतो: फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत, आणि कारण दुसऱ्यापासून गर्भार असण्याचं असेल तर लग्नाच्या तारखेपासूनच एक वर्षाच्या आत. एक वर्ष ‘उलटल्यावर’ आणि एक वर्ष ‘उलटण्याआधी’, यांची गल्लत सगळ्यात महाग पडते. तुमचं कारण काय आहे ते इथे लिहू नका, पण याच आठवड्यात वकिलांना विचारा.

पाटील_वाडा
निषिद्ध नात्याचं विचारतो. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, पिढ्यान्‌पिढ्या. माझं स्वतःचंही तसंच आहे. मग आमची लग्नं शून्य?

सुलभा_कौटुंबिक
भावा-बहिणीची मुलं एकमेकांना निषिद्ध नात्यात येतात हे खरं, पण कलमातच ‘रूढी परवानगी देत नसेल तर’ अशी सूट आहे. तुमच्या समाजात ही रूढी जुनी, अखंड आणि नक्की असेल तर लग्न वैध. पण वाद झाला तर ती रूढी सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. जुन्या पिढ्यांतली प्रत्यक्ष उदाहरणं आणि ती सांगणारे साक्षीदार लागतात, नुसतं ‘आमच्यात चालतं’ पुरत नाही. मामेबहिणीची रूढी सिद्ध झाली म्हणून मावसबहिणीची आपोआप होत नाही.

धातुपाठ
याच ओघात ‘काडीमोड’ आणि ‘सोडचिठ्ठी’ विचारायचे होते. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहून दिलेल्या सोडचिठ्ठीने पहिलं लग्न मोडतं का?

सुलभा_कौटुंबिक
शून्य विवाह बहुतेक इथेच जन्माला येतात. स्टॅम्पपेपरला आणि नोटरीच्या शिक्क्याला घटस्फोट करण्याची ताकद नाही. काही समाजांत काडीमोडीची रूढी आहे आणि कायद्याने ती राखून ठेवली आहे, पण तीही पुराव्याने सिद्ध व्हावी लागते. सिद्ध झाली नाही तर पहिलं लग्न कायम, आणि त्या कागदाच्या भरवशावर लावलेलं दुसरं शून्य, मग ते थाटात, नोंदणी करून लावलेलं असो.

उलट बाजूही आहे. दुसरं लग्न शून्य ठरवायला पहिलं लग्न विधिवत झालं होतं हे दाखवावं लागतं: सप्तपदी किंवा त्या समाजाचा विधी, भटजी, साक्षीदार, फोटो. नुसतं ‘ते एकत्र राहत होते’ यावर दावा पडतो. पहिली बायको कलम 11 खाली अर्ज करू शकत नाही, कारण त्या दुसऱ्या लग्नातली ती पक्षकार नाही. तिला ते लग्न अवैध असल्याच्या घोषणेचा स्वतंत्र दावा लावावा लागतो.

विनायक
म्हणजे शून्य ठरलं की त्या दुसऱ्या बाईच्या आणि मुलांच्या हातात शून्यच.

सुलभा_कौटुंबिक
इथे शब्द फसवतो. कलम 16 प्रमाणे शून्य विवाहातली मुलंही औरस धरली जातात. त्यांचा हक्क आईवडिलांच्या मालमत्तेपुरता, इतर नातेवाइकांच्या नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वडिलांच्या मृत्यूच्या आधी वाटप झालं असतं तर एकत्र कुटुंबातला जो हिस्सा वडिलांच्या वाट्याला आला असता, तोही यात येतो. बाईच्या पोटगीबद्दल 1988 चा निर्णय कडक होता: लग्न शून्य तर फौजदारी कायद्याखालची पोटगी नाही. 2013 मध्ये पहिलं लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला ती मिळाली. 2025 मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न शून्य ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायम पोटगी देता येते. मिळेलच असं नाही, प्रकरण बघून.

मीरा_अनुवाद
मग मी व्हॉइडला ‘शून्य’ ठेवते, व्हॉइडेबलला ‘रद्द करता येण्याजोगा’, आणि कलमाचा उल्लेख असेल तिथेच ‘शून्यकरणीय’. क्रियापदंही वेगळी: पहिल्याला ‘शून्य असल्याचे जाहीर करावे’, दुसऱ्याला ‘रद्द करावा’. एक राहिलं. बालविवाह कुठे बसवू? अर्जातला मुलगा लग्नाच्या वेळी 20 वर्षांचा होता.

सुलभा_कौटुंबिक
शब्दयोजना छान. बालविवाह कलम 11 मध्येही नाही, 12 मध्येही नाही. तो 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने रद्द करता येण्याजोगा आहे, आणि तो हक्क लग्नावेळी जो लहान होता त्याचाच. फूस लावून, जबरदस्तीने पळवून किंवा विकून अल्पवयीनाचं लग्न लावलं असेल तर मात्र शून्य. गंमत म्हणजे, हेच कमी वय 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे नोंदणी लग्नात, सरळ शून्य ठरतं. तेव्हा आधी लग्न कोणत्या कायद्याखाली झालं ते बघा.

मुदत ‘सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे’. मुलीसाठी 20 पूर्ण होईपर्यंत, यात वाद नाही. मुलासाठी दोन्ही बाजूंनी बोललं जातं: सज्ञान 18 ला म्हणून 20 पर्यंत, की हा कायदा मुलाला 21 पर्यंत बालक धरतो म्हणून 23 पर्यंत. 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने 23 धरले.

धातुपाठ
18 धरले तर 20 व्या वर्षी लग्न झालेल्या मुलाची मुदत लग्नाआधीच संपलेली! मग 23 नाही मानलं तर त्या कलमाला त्याच्यापुरता अर्थ काय उरतो?

सुलभा_कौटुंबिक
तोच युक्तिवाद करतात. समोरचा वकील म्हणतो, कायद्यात ‘सज्ञान’ हाच शब्द आहे आणि त्याची व्याख्या 18 ची आहे. मीराताई, अनुवादात ‘सज्ञान’च ठेवा, ‘विवाहयोग्य वय’ करू नका. तो वाद तुमच्या शब्दाने मिटायला नको.