२४ क्लिक विरुद्ध ३३ क्लिक : 'ब' थंबनेल जिंकलं म्हणायचं का?

मोदकमावशी
उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ चतुर्थीच्या दहा दिवस आधी युट्यूबवर टाकला. पहिले पाच दिवस थंबनेल 'अ' ठेवलं: केळीच्या पानावर अकरा मोदक. पुढचे पाच दिवस 'ब': एकच फुटलेला मोदक, अगदी जवळून, सारण बाहेर आलेलं. दोघांनाही ६०० इम्प्रेशन्स मिळाली, म्हणजे लोकांना ती तेवढ्या वेळा दिसली. अ वर २४ क्लिक, ब वर ३३. म्हणजे ४ टक्के आणि साडेपाच टक्के. ब जिंकलं ना? जुन्या ३८ व्हिडिओंची थंबनेलंही अशीच करायला घेऊ का?

झणझणीत
घ्या की बिनधास्त. साडेपाच हे चारापेक्षा मोठं असतं, त्याला गणितज्ञ कशाला लागतो?

दर्यावर्दी
थांबा मावशी. हजार इम्प्रेशन्स व्हायच्या आत निकाल बघायचाच नाही, हा साधा नियम. तुमची सहाशेच झालीत. हजार झाली की जे पुढे असेल ते ठेवा.

घाटवाट
थंबनेलमध्ये माणसाचा चेहरा हवाच. माझ्या राजगडाच्या व्हिडिओवर आधी नुसता बालेकिल्ला होता. मग माझा दमलेला चेहरा टाकला, तर क्लिक थेट डबल! मावशी, तुम्हीही मोदक हातात धरून फोटो काढा.

तिरकी रेघ
घाटवाट, डबल म्हणजे किती होते आणि किती झाले?

घाटवाट
४ होते, ८ झाले. पण डबल ते डबलच ना?

तिरकी रेघ
चार माणसांचा एक ग्रुप व्हॉट्सॲपवरून आला असेल, तरी तेवढे होतात. असो.

मावशी, एक रुपयाचं नाणं घ्या आणि ५७ वेळा उडवा. तुमचे एकूण क्लिक ५७ आहेत म्हणून ५७. नाण्याची कुठलीच बाजू सरस नसते, तरी असे ५७-५७ चे दहा डाव खेळलात, तर त्यातल्या साधारण तीन डावांत ३३-२४ किंवा त्याहून जास्त तफावत दिसेल. म्हणजे दोन्ही थंबनेलं अगदी सारखी असती, तरी तुम्हाला हा आकडा सहज दिसला असता.

मी तोंडी हिशेब असा करतो. दोघांना इम्प्रेशन्स सारखी मिळाली असतील तर क्लिकची बेरीज घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं. तुमच्याकडे ५७ चं वर्गमूळ साडेसात, दुप्पट पंधरा. दोघांतला फरक पंधराच्या वर गेला तर कान टवकारायचे. तुमचा फरक नऊ आहे. निकाल ३७-२० असता तर मी वेगळं बोललो असतो.

दर्यावर्दी, तुमचा 'थांबा' हा सल्ला बरोबर, हजाराचा आकडा मात्र हवेतला. किती इम्प्रेशन्स लागतील हे फरक केवढा आहे त्यावर ठरतं. ४ विरुद्ध साडेपाच हा फरक खरा असेल आणि तो निसटू नये असं वाटत असेल, तर प्रत्येकाला तीनेक हजार हवीत. ४ विरुद्ध ४.४ असेल तर चाळीस हजारांच्या घरात.

झणझणीत
चाळीस हजार! मावशींचं चॅनल आहे, दूरदर्शन नाही. एवढी इम्प्रेशन्स जमेपर्यंत पुढची चतुर्थी येईल. अहो, ही काय औषधाची चाचणी आहे? चुकीचं थंबनेल निवडलं तर कोण मरणार आहे? दोन्ही सारखीच असतील तर ब ठेवून तोटा काय? आणि ब थोडंसं जरी चांगलं असलं, तर फायदाच.

तिरकी रेघ
या एका व्हिडिओपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ब ठेवावं, हरकत नाही. पण त्यांचा प्रश्न ३८ व्हिडिओंचा आहे. प्रत्येकाला तासभर धरला तरी ३८ तास, आणि तेही नाण्याच्या भरवशावर.

मावशी, एक विचारू? पाचव्या दिवशीच का थांबलात?

मोदकमावशी
खरं सांगू? रोज सकाळी चहाबरोबर बघत होते. ब च्या तिसऱ्या दिवशी ते अ च्या मागे होतं, तेव्हा वाईट वाटलं, म्हणून अजून थोडे दिवस देऊ म्हटलं. पाचव्या दिवशी पुढे गेलं तशी थांबले.

तिरकी रेघ
तिथेच पाय घसरतो. मागे असताना थांबायचं नाही आणि पुढे गेलं की लगेच थांबायचं, असं केलं की नशिबाला रोज एक नवी संधी मिळते. माझा वर्गमुळाचा हिशेब लावून एकदाच बघितलं तर फसण्याची शक्यता शंभरात पाच असते. तीच, दहा वेळा डोकावून पहिल्या 'जिंकलं'ला थांबलो, तर शंभरात एकोणीसच्या आसपास जाते. म्हणून किती दिवस चालवायचं ते आधी कागदावर लिहून ठेवायचं.

आणखी एक. ब चे पाच दिवस म्हणजे चतुर्थीच्या तोंडावरचे. युट्यूब स्टुडिओत दोन्ही तारखा वेगवेगळ्या लावा आणि इम्प्रेशन्स कुठून आली ते बघा. सर्च किती, बाकी किती?

मोदकमावशी
बघितलं. वहीत उतरवून घेतलं ते तसंच देते.

अ : सर्च १२० इम्प्रेशन्स, ९ क्लिक. बाकी ४८०, क्लिक १५.
ब : सर्च ३३० इम्प्रेशन्स, २५ क्लिक. बाकी २७०, क्लिक ८.

तिरकी रेघ
आता भागाकार करा. सर्चमध्ये अ ७.५ टक्के, ब ७.६. बाकी ठिकाणी अ ३.१, ब ३.०. म्हणजे फरक गेला कुठे? फरक थंबनेलचा नव्हताच. चतुर्थी जवळ आली, लोक 'मोदक फुटू नये म्हणून काय करावं' शोधत आले, आणि शोधत आलेला माणूस क्लिक जास्त करतोच. ब ला ती गर्दी मिळाली एवढंच.

दर्यावर्दी
म्हणूनच युट्यूबची स्वतःची चाचणी वापरावी. तीन थंबनेलं लावता येतात, दोन आठवड्यांपर्यंत चालते, एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी दाखवते. मग सणवार आडवा येत नाही. विषय संपला.

तिरकी रेघ
सणाचा प्रश्न सुटतो, तुटपुंज्या आकड्यांचा नाही. शिवाय ती चाचणी क्लिक मोजत नाही, बघितलेल्या वेळेतला वाटा मोजते. हेतू चांगला आहे. फुटलेला मोदक बघून आत आलेला माणूस दहा सेकंदांत पळाला तर त्याचा उपयोग नाही. पण एकजण बारा मिनिटं बघतो, दुसरा वीस सेकंद, त्यामुळे छोट्या चॅनलवर दोन-तीन जणांनी पूर्ण व्हिडिओ बघितला की पारडं झुकतं. ५४-४६ बघून हुरळू नका.

झणझणीत
म्हणजे छोट्या चॅनलने चाचणी करायचीच नाही. मग मी काय वेगळं म्हणत होतो? मनाला पटेल ते लावा.

तिरकी रेघ
नाही, थोडं वेगळं आहे. मावशींना खरं तर मोदक तपासायचा नाहीये. 'तयार ताट की बिघडलेला पदार्थ' ही कल्पना तपासायची आहे. मग ती सहा व्हिडिओंवर तपासा. प्रत्येकावर दोन्ही थंबनेलं एकाच वेळी लावा आणि दोन आठवडे बघू नका. सहाही ठिकाणी बिघडलेला पदार्थ पुढे आला, तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता चौसष्टात एक. पाच ठिकाणी आला तर मात्र पुन्हा वाद घालू, कारण तेवढं नाण्यालाही अधूनमधून जमतं.

झणझणीत
सहा व्हिडिओ, बारा थंबनेलं. तेवढ्या वेळात चकलीचे दोन नवे व्हिडिओ होतील. नवा व्हिडिओ जास्त प्रेक्षक आणतो की जुन्याचं थंबनेल, हे कोणी मोजलंय?

मोदकमावशी
चकली तळताना फुटते त्याचा फोटो आहे माझ्याकडे. तो घेऊन दिवाळीच्या सहा व्हिडिओंवर लावून बघते. सहाही टाकून मगच निकाल उघडेन, लेकाला सांगून पासवर्ड बदलून घेते.

घाटवाट
पण चकली हातात धरून चेहरा…