आवाज बदला, मजकूर आणि लांबी तीच ठेवा: या अटीत अर्थ आहे का?

शाईपेन: आमच्या ग्रंथालयाच्या वार्तापत्रासाठी एक सूचना मैत्रीपूर्ण भाषेत लिहायची आहे. संपादकांची अट अशी की एकही माहिती गळता कामा नये आणि लांबी मूळ मजकुराइतकीच हवी. मूळ सूचना:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वार्षिक पुस्तक-मोजणीसाठी दि. 12 ते 16 या कालावधीत ग्रंथालयातील देवघेव बंद ठेवण्यात येणार आहे. सदर कालावधीत परतीची मुदत संपणाऱ्या पुस्तकांवर 17 तारखेपर्यंत विलंबशुल्क आकारले जाणार नाही. 12 तारखेपूर्वी मुदत संपलेल्या पुस्तकांना ही सवलत लागू नाही. वाचनकक्ष नेहमीप्रमाणे खुला राहील."

मी लिहिलेली:

"12 ते 16 देवघेव बंद! मोजणी चालू आहे. या दिवसांत पुस्तक परत करायचं राहिलं तरी काळजी नको, दंड नाही. वाचायला मात्र जरूर या."

माझी जवळपास निम्म्यात बसली. मग लांबीचा आग्रह कशासाठी? तुमचं मत सांगा.

धारदार: तुमची आवृत्ती उत्तम आहे. सरकारी थाटाच्या मराठीत निम्मे शब्द पोकळच असतात. "कळविण्यात येते की" काढलं तर कोणाचं काय अडतं? "सदर" काढलं तर? आटोपशीर लिहिलेलं वाचलं जातं, लांबलेलं वगळलं जातं. संपादकांना रकाना भरायचा असेल तर चित्र टाकावं, वाचकाला का वेठीला धरावं?

मुद्रितशोधक: "कळविण्यात येते की" बद्दल धारदार यांच्याशी सहमत. पण शाईपेन, तुमच्या मजकुरातून गेलेले शब्द फक्त पोकळ नाहीत. एक सभासद डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पुस्तकाची मुदत 9 तारखेला संपली आहे. तो वाचतो, "राहिलं तरी काळजी नको, दंड नाही", आणि निर्धास्त होतो. मूळ सूचनेतलं तिसरं वाक्य नेमकं त्याच्यासाठी होतं, आणि तेच गेलं. दुसऱ्या सभासदाची मुदत 14 ला संपते. सवलत 17 पर्यंतच आहे हे त्याला कुठेच कळत नाही, म्हणून तो 20 ला येतो आणि काउंटरवर वाद घालतो. शिवाय मोजणी व्हायची आहे आणि तुम्ही "चालू आहे" लिहिलंत. सूचना 5 तारखेला हातात पडली तर वाचणारा गोंधळेल.

गंमत अशी की यातलं काहीही तुम्ही खुपतं म्हणून काढलेलं नाही. बोलका सूर आला की अटी आणि अपवाद सगळ्यात आधी घरंगळतात, कारण "काळजी नको" म्हटल्यावर लगेच "पण तुमचं पुस्तक आधीचं असेल तर" म्हणणं जिवावर येतं. लांबीची अट इथे उपयोगी पडते. मजकूर निम्मा झाला की लिहिणाऱ्याला थांबून विचारावं लागतं, काय गळलं? सूर आणि लांबी दोन्ही एकदम बदलले तर नवी सूचना का बरी वाटते तेही सांगता येत नाही.

मी असं लिहीन. मूळ 44 शब्दांचं आहे, हेही 44:

"दरवर्षीप्रमाणे आम्ही पुस्तकांची मोजणी करणार आहोत, म्हणून 12 ते 16 तारखेपर्यंत देवघेव होणार नाही. तुमच्या पुस्तकाची मुदत याच दिवसांत संपत असेल, तर ते 17 तारखेपर्यंत दिलंत तरी दंड लागणार नाही. मुदत 12 तारखेआधीच संपली असेल, तर मात्र दंड भरावा लागेल. वाचनकक्ष नेहमीसारखा उघडा राहील."

"कळविण्यात येते की", "ठेवण्यात येणार" यांतून वाचलेले शब्द मी "म्हणून", "असेल तर", "तर मात्र" यांवर खर्च केले. बोलक्या मराठीत आपलेपणा या जोडशब्दांतून येतो. त्यासाठी उद्गारचिन्ह लागत नाही.

निळी_वही: प्रश्न प्रयोगाचा आहे ना? कर्मणीचं कर्तरी केलं की झालं. "ठेवण्यात येणार आहे" चं "ठेवणार आहोत". आमच्याकडे शाळेत हेच करून घेत.

मुद्रितशोधक: प्रयोग हा त्यातला एक भाग. "आम्ही सदर कालावधीत देवघेव बंद ठेवणार आहोत" हे वाक्य कर्तरी आहे, पण कचेरीचा वास तसाच आहे. वाचकाला "तुम्ही" म्हणायचं की "सभासद", अट वाक्याच्या सुरुवातीला आणायची की शेवटी, नामं वापरायची की क्रियापदं, हे सगळं मिळून आवाज ठरतो.

आकाशध्वनी: माझा अनुभव ध्वनिमुद्रणाचा आहे. आम्हाला निवेदनाला ठरलेले सेकंद मिळतात, म्हणून लांबीची अट आमच्यासाठी रोजचीच. पण शब्द मोजून भागत नाही. "पुस्तकांवरच्या" हा एक शब्द आणि "तर" हाही एकच. वरच्या दोन्ही सूचना घड्याळ लावून मोठ्याने वाचा. शब्द सारखे असले तरी वेळ सारखा लागेलच असं नाही. छापायचं असेल तर ओळी मोजा, बोलायचं असेल तर सेकंद.

धारदार: अपवाद गळला हे मान्य, तो ठेवायलाच हवा होता. तरी "44 म्हणजे 44" हा हट्ट पटत नाही. तीस-पस्तीस शब्दांत सगळं बसत असेल तर उरलेले कशाला? "दरवर्षीप्रमाणे" काढून टाका. मोजणी दरवर्षी होते म्हणून कोण वेगळं वागणार आहे?

मुद्रितशोधक: हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो प्रत्येक शब्दाला विचारावा: हा खोडला तर कोणता वाचक वेगळं वागेल? "17 तारखेपर्यंत" खोडलं तर वागेल. "दरवर्षीप्रमाणे" खोडलं तर बहुधा नाही. त्यामुळे रकान्याचं बंधन नसतं तर मीही ते काढलं असतं. दारावर लावायच्या पाटीसाठी तर मी इतकंच लिहीन: "12 ते 16 देवघेव बंद. वाचनकक्ष खुला." पाटीसमोरच्या माणसाला आत जायचं की परतायचं एवढंच ठरवायचं असतं. दंडाचा हिशोब तो तिथे उभा राहून करत नाही. मात्र ही पाटी पुरते ती दंडाचे तपशील वार्तापत्रात आहेत म्हणून. तिथूनही ते उडवले तर ते कुठेच उरत नाहीत.

निळी_वही: मग शाईपेन यांची सूचना पाटी म्हणून चालेल?

मुद्रितशोधक: नाही. "दंड नाही" हे अर्धं वचन पाटीवरही धोक्याचं आहे. अट पूर्ण लिहायला जागा नसेल तर सवलतीचा उल्लेखच करू नये.

तळटीप: मुद्रितशोधक, तुमच्या 44 शब्दांतही एक नवी माहिती घुसली आहे. "आम्ही मोजणी करणार आहोत." मोजणी कोण करणार हे मूळ सूचनेत कुठेही नाही. बाहेरच्या कंत्राटदाराला काम दिलं असेल तर? कर्ता लपवणारं वाक्य उघडं केलं की कर्ता कुठून तरी आणावा लागतो, आणि तो आपण अंदाजाने आणतो.

मुद्रितशोधक: बरोबर पकडलंत. "मोजणी होणार आहे" केलं की अडचण मिटते, फक्त एक शब्द कमी होतो.

धारदार: म्हणजे 43. आता संपादक परत पाठवतील का?

आकाशध्वनी: ओळी तेवढ्याच भरत असतील तर का पाठवावं?

तळटीप: मला मात्र "आम्ही" गेल्यावर ते वाक्य पुन्हा थंड वाटतंय. मैत्रीचा सूर हवा आणि बोलणारा कोणीच नको, हे जमत नाही.

शाईपेन: मोजणी कोण करतं ते उद्या ग्रंथपालांना विचारतो. कर्मचारीच करत असतील तर "आम्ही" ठेवतो. तिसरं वाक्य मात्र आत्ताच परत घातलं.