पाठवणे, पाठवा की पाठवावी? ईमेलमधल्या कामांच्या यादीबद्दल

मृणाल

आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर गेल्या रविवारी झालं. आधीच्या बैठकीनंतर कामांची यादी मी सगळ्यांना ईमेलने पाठवली होती. जशीच्या तशी देते:

• हॉलची चावी संदीपकडे
• बॅनरचा मजकूर तपासून छापायला देणे
• स्वयंसेवकांची यादी शुक्रवारपर्यंत पाठवा
• रक्तपेढीला पत्र दिले जावे
• खुर्च्यांसाठी मंडपवाल्याशी बोलायचं आहे

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही हॉलच्या दाराशी आणि चावी ट्रस्टच्या ऑफिसात. मला म्हणायचं होतं की चावी संदीपने आणायची. बाकीच्यांनी वाचलं की चावी त्याच्याकडे आहेच. संदीपला वाटलं, कुणीतरी ती त्याच्याकडे आणून देणार आहे. पाऊण तास रक्तपेढीची गाडी बाहेर उभी राहिली. मला फार वाईट वाटलं, कारण चूक माझ्या ओळीत होती. या पाच ओळी एका साच्यात कशा बसवायच्या?

विद्याधर

तुमच्या ओळींचे फक्त शेवटचे शब्द खालोखाल वाचा: संदीपकडे, देणे, पाठवा, जावे, आहे. पाच ओळी, पाच शेवट.

चावीची ओळ का फसली ते नीट बघण्यासारखं आहे. मराठीत आपण ‘आहे’ सर्रास गाळतो. ‘पुस्तक माझ्याकडे’, ‘बाबा ऑफिसात’, यात काही अडत नाही. म्हणून ओळीत क्रियापद नसलं की वाचणारा आपोआप ‘आहे’ भरतो. ‘आणावी’ किंवा ‘द्यायची’ तो सहसा भरत नाही. त्यातून ‘कडे’ दोन्ही बाजूंनी चालतं: वस्तू त्याच्याकडे असते, आणि त्याच्याकडे जायचीही असते. बाकीच्या चारही ओळी ‘देणे, पाठवणे, बोलणे’ अशा संपल्या असत्या, तर क्रियापद गाळलेली ही एकच ओळ पाठवण्यापूर्वी तुमच्याच डोळ्यांना खटकली असती.

नितीन

सोपं आहे. सगळीकडे ‘णे’ लावा आणि मोकळे व्हा. आमच्या ऑफिसात तसंच चालतं. चावी आणणे, मजकूर तपासणे, यादी पाठवणे. तू की तुम्ही हा प्रश्न नाही, आणि ‘ईमेल’ तो, ती की ते हा वादही नाही.

शुभांगी

मला वाटतं प्रश्न ‘ऍक्शन आयटम’ला मराठी शब्द कोणता, असा आहे. मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेत इतिवृत्तं लिहिली. तिथे ‘कार्यवाही’ हा शब्द असतो. कृपया त्याजागी ‘कारवाई’ लिहू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका पत्रात ‘आपल्यावर पुढील कारवाई’ लिहिलं होतं, आणि ज्यांना पत्र गेलं ते गृहस्थ घाबरून थेट ऑफिसात आले. कार्यवाही म्हणजे कामाची पुढची पावलं, कारवाई म्हणजे कुणाविरुद्ध उचललेलं पाऊल.

मृणाल

शुभांगीताई, प्रश्न शब्दाचा नव्हता, पण हा फरक मला माहीत नव्हता. पुढच्या ईमेलला ‘कार्यवाही’ हेच शीर्षक देते.

नितीन, ‘णे’ करून पाहिलं. ओळी एकसारख्या झाल्या, पण चावी कुणी आणायची ते ‘हॉलची चावी आणणे’ यातून कळत नाहीच.

विद्याधर

नेमकं. नितीन यांचं अर्धं बरोबर आहे. ‘णे’ने साचा एक होतो आणि लिंगवचनाची कटकट मिटते. एकट्याने करायच्या कामांची यादी असेल तर ते उत्तमच. पण ‘णे’ कर्त्याशिवाय सहज उभं राहतं, त्यामुळे लिहिणारा नाव विसरतो आणि विसरल्याचं त्याला कळतही नाही. ‘पत्र दिले जावे’मध्येही तेच झालं आहे, कोणी द्यायचं ते नाही.

‘आणावे, द्यावे’ यातलं ‘वे’ घेतलं की आपण ‘कोणी?’ असं विचारतो आणि ‘ने’ लावून नाव लिहितो. आणखी एक. इंग्रजीत प्रत्येक मुद्दा क्रियापदाने सुरू करा असं शिकवतात, कारण नजर डाव्या कडेने खाली उतरते. आपलं क्रियापद ओळीच्या शेवटी असतं आणि फोनवर तर ते दुसऱ्या ओळीत जातं. तो सल्ला उचलून ‘आणावी हॉलची चावी’ असं लिहिता येणार नाही. डाव्या कडेला आपण नाव ठेवायचं, म्हणजे ज्याला त्याला आपली ओळ सापडते, आणि क्रियापदाचा साचा शेवटी सांभाळायचा. मराठी यादी दोन्ही टोकांना सारखी लागते.

मृणाल

मग अशी:

• संदीपने शनिवारी संध्याकाळी हॉलची चावी ट्रस्टच्या ऑफिसातून आणावी.
• मी बुधवारपर्यंत बॅनरचा मजकूर तपासून छापायला द्यावा.
• सुजाताने शुक्रवारपर्यंत स्वयंसेवकांची यादी पाठवावी.
• विनयने गुरुवारपर्यंत रक्तपेढीला पत्र द्यावे.
• प्रकाशने मंगळवारी खुर्च्यांसाठी मंडपवाल्याशी बोलावे.

नितीन

पण हे एकसारखं कुठे दिसतंय? आणावी, द्यावा, पाठवावी, द्यावे. ‘णे’ निदान डोळ्यांना तरी सारखं होतं.

विद्याधर

साचा एकच आहे. चावी आणावी, मजकूर द्यावा, पत्र द्यावे, खुर्च्या मोजाव्यात. जे आणायचं, द्यायचं किंवा मोजायचं त्या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे शेपूट बदलतं. ‘मंडपवाल्याशी बोलावे’ यात असं कर्मच नाही, म्हणून ते ‘वे’वर थांबलं. नकारातही तसंच. ‘जुना बॅनर वापरू नये’ या ओळीत ‘वे’ दिसत नाही, तरी ती याच साच्यातली आहे, कारण ‘वापरावा’चा नकार ‘वापरू नये’ असाच होतो. तिथे ‘वापरू नका’ आलं तर मात्र साचा मोडतो.

मृणाल, तुमची दुसरी ओळ मला खटकते. ‘मी द्यावा’ वाचताना ‘मी देऊ का?’ असा सूर लागतो. तिथे ‘मृणालने’ असं स्वतःचंच नाव लिहा. सवय नसते, पण यादीत ते चालतं.

रेवती

आमच्या सोसायटीच्या ईमेलमध्ये एक वेगळी गडबड होते. झालेली कामंही त्याच यादीत घालतात. ‘सेक्रेटरींनी टाकीवाल्याला पत्र दिले’, खाली ‘खजिनदारांनी बिल द्यावे’. भरभर वाचताना ‘दिले’ आणि ‘द्यावे’ यातला फरक माझ्या नजरेतून दोनदा सुटला आहे, कारण दोन्हीकडे सुरुवातीला ‘नी’च असतं.

विद्याधर

म्हणून झालेल्या कामांची यादी वेगळी ठेवावी, वर किंवा खाली. ‘आठनंतर पार्किंग बंद’ यासारखी माहितीही कामांत मिसळू नये. तिला साच्यात कोंबायला गेलं की ‘पार्किंग बंद असणे’ असलं काहीतरी तयार होतं. ते काम नव्हे, ते साध्या वाक्यात यादीच्या बाहेर लिहावं.

शुभांगी

‘वे’ने वरिष्ठांना लिहिताना मला अजूनही अवघड वाटतं. ‘अध्यक्षांनी सही करावी’ हे आज्ञा दिल्यासारखं ऐकू येतं. आम्ही ‘अध्यक्षांची सही घेण्यात यावी’ लिहायचो.

विद्याधर

त्यात सही कोणी घ्यायची ते पुन्हा हरवलं. ‘विनयने अध्यक्षांची सही घ्यावी’ केलं की मान राहतो, आणि काम विनयकडे जातं.

नितीन

‘वे’ मान्य. पण सगळ्यांसाठीच्या ओळीला काय करायचं? ‘सर्वांनी साडेसहाला पोहोचा’ हे मला अगदी सहज वाटतं, ‘संदीपने साडेसहाला पोहोचा’ मात्र चूक वाटतं. ‘ने’ किंवा ‘नी’ असताना ‘पोहोचा’ बसत नाही असं म्हणावं, तर मग पहिलं कसं बसलं?

रेवती

त्यात ‘तुम्ही’ दडलेलं असावं, ‘तुम्ही सर्वांनी’. संदीपच्या मागे ‘तुम्ही’ लावता येत नाही.

विद्याधर

पटण्यासारखं आहे, पण ‘मुलांनी रांगेत उभे राहा’ अशी सूचना शाळेत माइकवरून देतात. ती काहींना चालते, मला खटकते. हे कोडं सुटेपर्यंत मी यादीत ‘सर्वांनी साडेसहाला पोहोचावे’ लिहीन.

मृणाल

आणि मी ‘पोहोचा’ यादीबाहेर, ईमेलच्या पहिल्या ओळीत लिहीन. तिथे सगळ्यांशी बोलतेच आहे.